सरासरी विचारण्याआधी तक्ता नीट उतरवा



गाळप हंगाम संपला, ऊस बिले हातात पडली, की शेतकी विभागाकडे एका ठरावीक प्रकारच्या प्रश्नांची रीघ लागते. "आमच्या गटाची सरासरी किती बसली?" "माझा खोडवा सरासरीच्या वर आहे का खाली?" "खाली असेल तर निडवा ठेवू, का मोडून टाकू?" प्रश्न रास्त आहेत. वर्षभराच्या मेहनतीचा हिशेब कुणाला नको असतो? पण प्रश्नाबरोबर जो तक्ता येतो, त्याची अवस्था मात्र बघवत नाही. कुणी फलकावरच्या तक्त्याचा तिरका फोटो मोबाइलवर पाठवतो, त्यात वरची ओळ कापलेली आणि खालच्या ओळीवर फोटो काढणाऱ्याची सावली. कुणी नुसते चार आकडे सांगतो आणि "बाकीचे तुमच्याकडं आहेतच की" म्हणतो.

म्हणून अलीकडे आम्ही असा आग्रह धरतो की ज्याला प्रश्न विचारायचा आहे त्याने तक्ता स्वतः पुन्हा लिहून, म्हणजे एकेक आकडा उतरवून पाठवावा. यावर काही सभासद नाराज आहेत. "साहेब, कागद तुमचा, आकडे तुमचे, आणि पुन्हा लिहायचे आम्ही?" असे मला तोंडावर विचारले गेले आहे. त्याचे उत्तर या लेखात द्यायचे आहे. माझे मत असे, की विचारणाऱ्यानेच तक्ता उतरवावा हेच योग्य. पण उतरवताना चूक होणारच हे धरून चालले पाहिजे, आणि ती चूक पकडायची सोय तक्त्यातच ठेवली पाहिजे. त्याचबरोबर उत्तर देणाऱ्या आम्हा लोकांनीही नुसती सरासरी सांगून मोकळे होऊ नये. सरासरी, मधला आकडा आणि पसारा असे तिन्ही सांगावे. तिन्ही शेजारी शेजारी ठेवले की उतरवण्यातली चूक बहुधा आपणहून डोके वर काढते.

आधी फोटो का चालत नाही ते सांगतो. आपल्या वजनपावत्यांवर आणि नोंदवह्यांत मराठी आणि इंग्रजी आकड्यांची सरमिसळ असते. मराठी चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो. इंग्रजी नऊ हा मराठी एकासारखा दिसतो. घाईत लिहिलेला एक आणि सात यांच्यात फरक करणे तर लिहिणाऱ्यालाही जमत नाही. कचेरीत बसलेला कारकून फोटो बघून आकडा वाचेल तो अंदाजाने वाचेल, कारण त्याला ती जमीन ठाऊक नाही. विचारणाऱ्या सभासदाला मात्र शेजारच्या बांधावरचा ऊस कसा होता हे ठाऊक असते. कुणाच्या प्लॉटला उन्हाळ्यात पाणी कमी पडले, कुठे हुमणी लागली, कुठल्या सरीत नांग्या भरल्याच नाहीत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. तोच हाताने आकडा लिहील तर विचित्र आकड्यापाशी त्याचा हात थांबेल. तक्ता तुम्हीच उतरवा असे म्हणण्यामागे हे कारण आहे. आमचे काम वाचवण्याचा हेतू त्यात नाही.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, कुणा एका गटाचे नव्हेत. पण अशी पत्रे आमच्याकडे येतात. एका शिवारातील अकरा खोडवा प्लॉट आहेत, सगळा ऊस को ८६०३२ जातीचा. सभासदाने तक्ता उतरवून पाठवला. एकरी टनेज, प्लॉट क्रमांक एकपासून अकरापर्यंत, क्रमाने असे:

३८, ४२, ३५, ४४, ४०, २९, ४१, ७२, ३७, ३९, ४६.

सभासदाचा स्वतःचा प्लॉट पाचवा, म्हणजे चाळीस टनांचा. त्याचा प्रश्न असा: "बेरीज ४६३ आली, अकराने भागले, सरासरी ४२ टन. मी सरासरीच्या खाली आहे. खोडवा मोडावा म्हणतो. तुमचे मत काय?"

गणित बरोबर आहे. ४६३ भागिले ११ म्हणजे ४२.०९. पण उत्तर लिहायला घेण्याआधी दुसरा आकडा काढू. सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडायचे:

२९, ३५, ३७, ३८, ३९, ४०, ४१, ४२, ४४, ४६, ७२.

अकरा आकड्यांत सहावा आकडा मधोमध येतो. त्याच्या अलीकडे पाच, पलीकडे पाच. तो आहे ४०. याला मध्यक म्हणतात. आपण साध्या भाषेत मधला आकडा म्हणू. आकडे सम संख्येने असतील, उदाहरणार्थ बारा, तर सहावा आणि सातवा मिळवून त्याचे निम्मे करायचे.

आता गंमत बघा. आपला हा सभासद चाळीस टनांवर आहे, म्हणजे ओळीत बरोबर मधोमध उभा आहे. पाच प्लॉट त्याच्या मागे, पाच पुढे. तरी सरासरीच्या हिशेबाने तो 'खाली' आहे. तोच काय, अकरापैकी आठ प्लॉट सरासरीच्या खाली आहेत! ज्या शिवारात आठ जण सरासरीखाली आणि तिघेच वर, तिथे सरासरीला कुणीतरी वर ओढले आहे असे समजावे. सरासरी म्हणजे सगळा माल एकत्र करून सारखा वाटणे. त्यामुळे एकच आकडा फार मोठा असला, तर तो सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येतो. मधल्या आकड्याला याचे सोयरसुतक नसते. शेवटचा प्लॉट ७२ टनांचा असो की १७२ चा, ओळीतला सहावा आकडा जागचा हलत नाही.

तिसरा आकडा पसाऱ्याचा. सगळ्यांत साधा पसारा म्हणजे मोठ्यातून लहान वजा करणे. ७२ वजा २९ म्हणजे ४३ टन. हा पसारा चांगला की वाईट हे कसे ठरवायचे? त्यासाठी मधल्या निम्म्या प्लॉटांचा पसारा काढावा. मधल्या आकड्याच्या अलीकडचे पाच घ्या, त्यांतला मधला ३७. पलीकडचे पाच घ्या, त्यांतला मधला ४४. म्हणजे मधले निम्मे शिवार ३७ ते ४४ या सात टनांच्या पट्ट्यात बसते. अर्धे शिवार सात टनांत आणि सगळे मिळून त्रेचाळीस टनांत? ओळीकडे पुन्हा बघा. शेजारशेजारच्या दोन आकड्यांतले अंतर एक-दोन टनांचे आहे, फार तर २९ आणि ३५ मध्ये सहाचे. शेवटी मात्र ४६ वरून एकदम ७२, म्हणजे सव्वीस टनांची उडी. प्लॉट आठ.

इथे दोन चुका करू नयेत. पहिली म्हणजे उडी दुर्लक्षून ४२ ही सरासरी सांगून टाकणे. दुसरी म्हणजे "हा आकडा खोटाच" म्हणून खोडून टाकणे. खोडव्याला एकरी ७२ टन मिळूच शकत नाहीत असे नाही. ठिबक, पाचट आच्छादन, वेळेवर खत असे सगळे जुळून आले तर मिळतातही. असा प्लॉट खरा असेल तर त्याच्या मालकाकडून शिकण्यासारखे आहे, त्याला तक्त्यातून काढणे म्हणजे चांगल्या कामाला शिक्षा. मोठा आकडा म्हणजे चुकीचा आकडा नव्हे. मूळ कागद एकदा बघायला हवा, एवढीच त्याची सूचना.

मूळ कागद कसा बघायचा? तक्ता करणाऱ्या कारकुनाने हिशेबाच्या सवयीने तळाशी सगळ्या आकड्यांची बेरीज लिहिलेली असते. एकरी टनेजच्या बेरजेला शेतात काही अर्थ नाही, म्हणून उतरवताना बहुतेक जण ती सोडून देतात. आपल्या उदाहरणात तळाशी ४१८ लिहिले होते. उतरवलेल्या तक्त्याची बेरीज ४६३. फरक ४५.

जुने हिशेबनीस इथे एक युक्ती वापरतात. दोन अंकी आकड्यातले अंक उलटसुलट झाले, तर फरकाला नऊने नेहमी पूर्ण भाग जातो. ४५ ला नऊने भागले की ५ येतात. याचा अर्थ, अंक उलटे झाले असतील तर त्या आकड्यातल्या दोन अंकांतला फरक पाच असला पाहिजे. अकरा आकड्यांत असे दोनच आहेत, ३८ आणि ७२. आपली बेरीज मुळापेक्षा जास्त भरली आहे, म्हणजे उलटा होऊन आकडा वाढलेला असला पाहिजे, पहिला अंक मोठा. ३८ मध्ये पहिला अंक लहान आहे, तो सुटला. उरला ७२. मुळात २७ असणार. मग वजनपावती काढायची आणि खात्री करायची. नऊची युक्ती संशयित दाखवते. गुन्हा शाबीत होतो तो पावतीवरच. दोन वेगळ्या चुका मिळूनही फरक नऊच्या पटीत येऊ शकतो, हे विसरू नये.

दुरुस्त तक्त्याचे तीन आकडे असे येतात. बेरीज ४१८, सरासरी बरोबर ३८. मधला आकडा ३९. लहान २७, मोठा ४६, पसारा १९. मधले निम्मे प्लॉट ३५ ते ४२. आता दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवा. एका आकड्यातले दोन अंक उलटे झाल्याने सरासरी चार टनांनी हलली. मधला आकडा एकच टनाने हलला. मधल्या निम्म्याचा पट्टा दोन टनांनी सरकला, पण रुंदी सातच राहिली. एकूण पसारा मात्र १९ वरून ४३ वर, दुपटीहून जास्त गेला. म्हणून मी म्हणतो की तिन्ही आकडे मागा. चूक झाली की पसारा ओरडतो, सरासरी घसरते, मधला आकडा जवळपास जागेवर राहतो. आणि तिघांच्या वागण्यातला हा फरकच आपल्याला जागे करतो.

आणि आपल्या सभासदाचे काय? तो चाळीस टनांवर आहे. सरासरी ३८, मधला आकडा ३९. तो दोन्हींच्या वर आहे. चुकीच्या सरासरीवर विसंबून त्याने खोडवा मोडला असता, तर नवीन लागणीचे बेणे, नांगरट, मजुरी हा सगळा खर्च एका उलट्या आकड्यापायी अंगावर घेतला असता. निडवा ठेवायचा की नाही हे तसे सरासरीवरून ठरवायचे नसतेच. सरीत नांग्या किती, फुटवे किती, हुमणी आहे का, उन्हाळ्यात पाणी पुरेल का, हे बघूनच ठरवायचे. पण माणूस सरासरीवरून ठरवतो, हे खरे आहे. निदान ती तरी खरी असावी.

याच तक्त्यातून आणखी एक प्रकार घडतो, तो मोकळ्या रकान्याचा. समजा बारावा प्लॉट बेण्यासाठी राखला होता, कारखान्याला गेलाच नाही. मूळ तक्त्यात तिथे आडवी रेघ आहे. उतरवणाऱ्याने रेघेच्या जागी शून्य लिहिले. बेरीज ४१८ च राहते, म्हणून बेरजेच्या तपासणीत काही सापडत नाही. पण भागायचे मात्र बाराने. सरासरी ३४.८ वर येते. मधला आकडा सहावा-सातवा मिळून ३८.५. या वेळी सरासरी मधल्या आकड्याच्या बरीच खाली गेली. मागच्या उदाहरणात ती वर गेली होती. सरासरी वर ओढली गेली तर मोठ्या टोकाकडे बघा, खाली ओढली गेली तर लहान टोकाकडे. टोकाला शून्य दिसले की विचारा: ऊस झालाच नाही, का मोजलाच नाही? वणव्यात जळून गेलेल्या प्लॉटाचे शून्य खरे शून्य आहे, ते धरावे. बेण्याला ठेवलेल्या प्लॉटाचे शून्य हे शून्यच नव्हे, तिथे आकडा नाही. म्हणून रकाना मोकळा असेल तर "नोंद नाही" असे अक्षरात लिहा, आणि एकूण किती आकडे धरले ती संख्या तळाशी द्या.

आमची तरुण मंडळी आता तक्ता मोबाइलवर किंवा संगणकावर भरतात. चांगली गोष्ट आहे, पण तिथे याच्या उलट घडते. रकान्यात नुसता आकडा न लिहिता कुणी "२९ टन" असे लिहिले, तर यंत्र त्याला आकडा मानत नाही, अक्षर मानते, आणि काही न बोलता सोडून देते. मग बेरीज ३८९, भागिले दहा, सरासरी ३८.९. तक्त्यात डोळ्यांना अकरा ओळी दिसतात, हिशेबात दहाच असतात. यासाठी सरासरीच्या आधी संख्या मोजून घ्यावी. आकडे दुसऱ्या रकान्यात दुसऱ्या ओळीपासून बाराव्यापर्यंत असतील तर एवढी सूत्रे पुरतात:

```
=COUNT(B2:B12)
=SUM(B2:B12)
=AVERAGE(B2:B12)
=MEDIAN(B2:B12)
=MIN(B2:B12)
=MAX(B2:B12)
```

पहिल्या सूत्राचे उत्तर अकरा आले नाही, तर पुढची पाच वाचूच नका. मधल्या निम्म्याचा पट्टा यंत्राने काढला तर तो हाताने काढलेल्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. दुरुस्त तक्त्यात हाताने ३५ ते ४२ आला. नेहमीचे `QUARTILE` सूत्र ३६ ते ४१.५ सांगेल. दोन्ही रीती मान्य आहेत, फक्त दोन गटांची तुलना करताना एकीला एक आणि दुसरीला दुसरी लावू नये.

आता क्षेत्राकडे वळतो, कारण एकरी टनेज काढण्याआधी क्षेत्र उतरवावे लागते आणि तिथली चूक तक्त्याच्या मुळाशी बसते. आपण बोलताना "एक एकर वीस गुंठे" म्हणतो आणि लिहिताना १-२० किंवा १.२० लिहितो. एकराला गुंठे चाळीस. म्हणजे हे क्षेत्र दीड एकर झाले. पण तक्ता उतरवणाऱ्याने टिंब बघून तेच गणकयंत्रात दाबले की यंत्र त्याला एक पूर्णांक दोन दशांश एकर समजते. चोपन्न टन ऊस दीड एकरात म्हणजे एकरी ३६ टन. तोच १.२ ने भागला तर ४५ टन. नऊ टनांची वाढ, आणि तीही अशी की आकडा बघून संशय येऊ नये! ७२ सारखा तो टोकाला जाऊन उभा राहत नाही, चांगल्या प्लॉटांच्या रांगेत गुपचूप बसतो. सरासरी, मधला आकडा, पसारा, तिघांपैकी कुणीही याला पकडणार नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि शंभर आरचा हेक्टर असल्याने तिथे टिंब दशांशासारखे चालते. म्हणूनच घोटाळा होतो. एका कागदावर चालणारी रीत दुसऱ्या कागदावर फसते. उपाय एकच, की रकान्याच्या डोक्यावर एकक लिहावे, आणि एकर व गुंठे यांना दोन वेगळे रकाने करावेत.

क्षेत्र तक्त्यात हवेच, याला आणखी एक कारण आहे. "सरासरी" या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न लपलेले असतात. वीस गुंठ्यांच्या प्लॉटात एकरी साठ टन आणि चार एकरांच्या प्लॉटात एकरी तीस टन, अशी दोघांची सरासरी किती? साठ आणि तीस मिळून निम्मे केले तर ४५. पण वजनकाट्यावर पहिल्याचे ३० टन आले आणि दुसऱ्याचे १२०, एकूण १५० टन, साडेचार एकरांतून. म्हणजे एकरी ३३ टनांच्या आसपास. तोडणीचा कार्यक्रम आखायला, टोळ्या आणि वाहने किती लागतील हे ठरवायला हा दुसरा हिशेब लागतो. एकूण टन भागिले एकूण एकर. तिथे मधला आकडा उपयोगाचा नाही. मधल्या आकड्याला क्षेत्राने गुणून गटाचा ऊस निघत नाही. उलट "इतरांच्या मानाने मी कुठे आहे" या सभासदाच्या प्रश्नाला मधला आकडा आणि मधल्या निम्म्याचा पट्टा हेच खरे उत्तर. म्हणून तक्त्याबरोबर प्रश्नही पुरा लिहावा: सरासरी कशासाठी हवी आहे?

शेवटी या तीन आकड्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. उतरवताना एक ओळ घसरली, सहाव्या प्लॉटाचे २९ सातव्यासमोर आणि सातव्याचे ४१ सहाव्यासमोर गेले, तर काय होईल? आकडे तेच, बेरीज तीच, सरासरी, मधला आकडा, पसारा सगळे जसेच्या तसे. पण ज्याचा प्लॉट एकेचाळीस टनांचा त्याला "तुमचा ऊस का घटला?" असे विचारणारे पत्र जाईल, आणि ज्याला मदतीची गरज आहे तो बाजूलाच राहील. या चुकीवर गणितात औषध नाही. दोघांनी बसायचे, एकाने मूळ कागदावरून प्लॉट क्रमांकासकट मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने उतरवलेल्या कागदावर खूण करत जायचे. अकरा ओळींना दोन-तीन मिनिटे लागतात. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याला बसवा. पोरे यात आपल्यापेक्षा पक्की असतात.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रश्न विचारणाऱ्या सभासदाने तक्ता स्वतः उतरवावा. प्रत्येक रकान्यावर नाव आणि एकक लिहावे. मोकळी जागा मोकळी ठेवून "नोंद नाही" लिहावे. आणि तळाशी चार गोष्टी द्याव्यात: किती आकडे, बेरीज, सर्वांत लहान, सर्वांत मोठा. या चारही मूळ कागदावरून घ्याव्यात, स्वतः उतरवलेल्या कागदावरून नव्हे. उतरवलेल्यावरूनच बेरीज केली तर चूक चुकीशीच जुळेल आणि सगळे ठीक आहे असे वाटेल.

पण मग मूळ कागदावर त्या हव्यात ना! म्हणून दुसरी बाजू आमची. शेतकी विभागाच्या फलकावर लागणाऱ्या प्रत्येक गटवार तक्त्याच्या तळाशी संख्या, बेरीज, लहान आणि मोठा आकडा छापलाच पाहिजे, कारकुनाच्या सवयीवर ते सोडून चालणार नाही. आणि सभासदाला उत्तर देताना गटाची सरासरी, मधला आकडा आणि मधल्या निम्म्याचा पट्टा हे तिन्ही एकाच ओळीत लिहून दिले पाहिजेत. येत्या हंगामाच्या तक्त्यांपासून हे करावे असे मी विभागाच्या बैठकीत मांडणार आहे. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की सभासदांना एवढे आकडे कशाला, त्यांचा गोंधळ उडेल. मला ते पटत नाही. जो शेतकरी ऊस बिलातली तोडणी-वाहतुकीची कपात पैशापर्यंत तपासतो, त्याला ओळीतला मधला आकडा कळणार नाही हे कोण म्हणेल?

निडव्याचा निर्णय ज्यांना अजून घ्यायचा आहे, त्यांनी आपल्या गटाचा तक्ता वरीलप्रमाणे उतरवून गट कार्यालयात द्यावा. वजनपावत्या बरोबर आणाव्यात.

— ऊस विकास अधिकारी